तोंडातली मिश्री आणि कागदावरचं "नाही"

आजच्या बोलण्याला सुरुवात करतो ती आमच्या गटातल्या एका आजींच्या ओट्यावरून.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या घरी पाहणीवाल्या मुली आल्या होत्या. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. आजींचा मुलगा खुर्चीवर बसला होता, सून दारात उभी होती आणि आजी ओट्याच्या कडेला तोंडात बोट घालून बसल्या होत्या. मुलीनं मुलाला विचारलं, "घरात कोणी तंबाखू खातं का?" मुलगा म्हणाला, "मी खातो. बाकी कोणी नाही." मुलीनं आजींकडे पाहून पुन्हा विचारलं, "आजी, तुम्ही तंबाखू खाता का?" आजींनी बोट काढलं, बाजूला पिंक टाकली आणि म्हणाल्या, "नाही गं बाई, मी कुठली तंबाखू खाते!" मुलीनं "नाही" वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली.

आजी खोटं बोलल्या का? आम्ही त्यांना नंतर विचारलं. त्या मनापासून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? मी तंबाखू खात नाही. मिश्री लावते." त्यांच्या कनवटीला डबी होती, बोटाचं टोक काळं होतं आणि दिवसातून सात-आठ वेळा तरी ती डबी उघडत होती.

खाणं आणि लावणं, या दोन शब्दांमधल्या फटीत आपल्या लाखो बायका पाहण्यांमधून निसटल्या आहेत. त्या कशा निसटल्या, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

आधी दातांची गोष्ट. आपल्या पणज्यांच्या काळात लग्न झालेल्या बाईनं दात काळे करणं हे शोभेचं आणि सौभाग्याचं लक्षण मानलं जाई. त्यासाठी जी काळी पूड लावत तिला दातवण म्हणत. हिराकस, हिरडा, मायफळ अशा तुरट जिनसांपासून ती व्हायची. उत्तरेकडे आणि मुसलमान घरांमध्ये अशाच पुडीला मिस्सी म्हणत. या पुडीचा काळा रंग लोह आणि तुरट रस एकत्र आल्यामुळे येतो. त्यात तंबाखूची गरज नव्हती. पण एक गोष्ट तेव्हापासून ठरून गेली: बाईनं बोटानं काळी पूड हिरड्यांना लावणं हे लाजेचं नाही. ते व्यसन नाही, तो तर शृंगार आणि दातांची काळजी.

तंबाखू आपल्या देशात फार उशिरा आली. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि "तंबाखू" हे नावही त्यांच्याच बोलीतून आलं. 1600 च्या सुमारास ती दख्खनमध्ये चांगली माहीत झाली होती. अकबर बादशहाचा माणूस असद बेग विजापूरला आला असता त्याला ती तिथं दिसली आणि त्यानं ती नवलाईची चीज म्हणून दरबारात नेली. अकबराच्या हकिमांना ती काही रुचली नाही. पुढे जहांगीरनं 1617 मध्ये तिच्यावर बंदीही घातली. बंदी टिकली नाही. तंबाखू शेतात गेली, बाजारात गेली, आणि हुक्का, चिलीम, विडी, विड्याचं पान, तपकीर अशा नाना वाटांनी घराघरात शिरली.

पुरुषांच्या वाट्याला धूर आला. तो चावडीवर बसून, चारचौघांत, उघड ओढता येत होता. बाईनं धूर काढणं आपल्याकडच्या बहुतेक घरांत चाललं नसतं. मग तंबाखू तिच्याकडे आली ती जुन्या, मान्य असलेल्या वाटेनं, दातांच्या पुडीच्या रूपात.

मिश्री कशी होते हे तुमच्यातल्या अनेकींना माहीत आहे, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तंबाखूची पानं किंवा चुरा तापल्या तव्यावर नाही तर खापरावर टाकायचा. सारखा हलवायचा. घरभर ठसका बसतो, पोरं खोकत बाहेर पळतात. तपकिरी तंबाखू हळूहळू काळीकुट्ट झाली की उतरवायची, हातानं चुरायची किंवा पाट्यावर वाटायची, फडक्यातून चाळायची आणि डबीत भरायची. कुठं तिला मिश्री म्हणतात, कुठं मिशेरी, कोकणात मशेरी. सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना चोळायची, थोडा वेळ तोंडात धरायची, मग चूळ भरायची. सुरुवात बहुतेक जणींची अशीच होते, दिवसातून एकदा, दात घासायला. मग दुपारच्या कामानंतर एकदा. मग जेवण झालं की. मग झोपायच्या आधी. डबी कनवटीला लागली की ती दातांसाठी राहत नाही.

भाजण्यानं तंबाखूची ताकद जाते असं कितीतरी बायका मानतात. "जाळून टाकली, आता तिच्यात काय उरलं?" असं म्हणतात. खरी गोष्ट उलटी आहे. भाजूनही तिच्यात निकोटीन उरतं, म्हणून तर तलफ लागते. शिवाय कोणतंही पान जाळलं की जी काजळी होते तिच्यात कर्करोग करणारी द्रव्यं तयार होतात. त्यांतलं एक म्हणजे बेंझोपायरीन. तेच विडीच्या धुरातही असतं. म्हणजे मिश्री लावणारी बाई धूर न काढता धुरातलं विष थेट हिरडीवर ठेवत असते.

ही एकट्या महाराष्ट्राची गोष्ट नाही. बिहार, झारखंड, बंगाल, ओडिशा या बाजूला बायका गुल लावतात. तीही जाळलेल्या तंबाखूचीच पूड, पण ती कारखान्यात होते आणि छोट्या पत्र्याच्या डब्यांत विकली जाते. छत्तीसगड आणि ओडिशात गुडाखू आहे, तंबाखू आणि गुळाची काकवी घालून केलेला ओला लगदा. गुजरातमध्ये बज्जर आहे, ती कोरडी तपकीर बायका हिरड्यांना लावतात. नावं वेगळी, बोट तेच. आणि या सगळ्या ठिकाणी बाईला विचारलं तर उत्तर एकच मिळतं: "तंबाखू? नाही. दात घासते."

आता मोजणाऱ्यांची गोष्ट.

आपल्या भागात हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दातांच्या संशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात घरोघर जाऊन एक लाखाहून जास्त खेडूतांची तोंडं तपासली. त्याचा अहवाल 1972 मध्ये छापून आला. त्यांना तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीचे पांढरे चट्टे शोधायचे होते. पण त्यांच्या कामात एक गोष्ट अशी होती जी पुढच्या कितीतरी पाहण्यांत नव्हती: दंतवैद्य समोर बसून तोंड उघडायला सांगत होता. काळे दात, काळी हिरडी, कोणत्या बाजूला पूड ठेवली जाते, हे डोळ्यांना दिसत होतं. तिथं "नाही" म्हणून भागत नव्हतं. त्या पाहणीत जवळजवळ निम्म्या बायका तंबाखू वापरताना आढळल्या, आणि त्यात मिश्रीचा वाटा मोठा होता. विडी ओढणारी बाई मात्र क्वचितच होती.

वीस वर्षांनी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटानं मुंबईत अशीच मोठी पाहणी केली. मतदारयाद्या घेऊन ते घरोघर गेले, 35 वर्षांपुढच्या 99,598 माणसांना भेटले आणि हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर उत्तरं टिपली. त्यात 57.5 टक्के बायका तंबाखू वापरत होत्या, जवळजवळ सगळ्या बिनधुराची, आणि सर्वांत जास्त मिश्री. त्यांनी एकेका प्रकाराचं नाव घेऊन विचारलं होतं. मुंबईतल्या त्या चाळींत आणि झोपड्यांत कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या आपल्याच बायका होत्या. गाव सुटलं होतं, डबी सुटली नव्हती.

या माणसांकडे काही वर्षांनी पुन्हा जाऊन कोण हयात आहे ते पाहिलं गेलं. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण न वापरणाऱ्या बायकांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं जास्त निघालं. ज्या सवयीला घरात "दात घासणं" म्हणत होते, तिचा हा हिशोब.

आता 1998-99 कडे या. त्या वर्षी देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची दुसरी फेरी झाली. ही पाहणी मोठी आणि महत्त्वाची. बाळंतपणं, लसी, बायकांच्या अंगातलं रक्त, अशा कितीतरी गोष्टी आपल्याला तिच्यामुळे कळल्या. तंबाखूचा प्रश्नही तीत होता. पण तो घराच्या यादीत होता. म्हणजे घरातल्या कोणातरी एका मोठ्या माणसाला विचारायचं, आणि त्यानं घरातल्या प्रत्येकाबद्दल सांगायचं. प्रश्न साधारण असा होता: अमुक व्यक्ती पानमसाला किंवा तंबाखू चघळते का? विडी-सिगारेट ओढते का?

आता तो फॉर्म घेऊन आपल्या आजींच्या ओट्यावर परत चला आणि पाहा, त्या किती जागी निसटतात.

पहिली जागा, उत्तर कोण देतो. मुलगा सांगतो. मुलाला आईची डबी माहीत आहे, पण तो ती तंबाखूत धरत नाही. सुनेची डबी असली तर ती बहुतेक त्याला माहीतच नसते. कितीतरी सुना सासूपासून लपवून, परसात किंवा न्हाणीत मिश्री लावतात. आणि माहीत असलं तरी चार परक्या माणसांसमोर "माझी बायको तंबाखू वापरते" असं कोण सांगेल? एकानं सगळ्यांबद्दल सांगायचं असलं की पुरुषांचा आकडा बऱ्यापैकी खरा येतो, कारण त्यांची तंबाखू उघड आहे. बायकांचा आकडा खाली येतो.

दुसरी जागा, प्रश्नातलं क्रियापद. चघळता का, खाता का, ओढता का. मिश्री ना चघळत, ना खात, ना ओढत. आपल्या भाषेत मिश्री लावतात. बाईनं प्रश्न नीट ऐकला आणि खरं उत्तर दिलं तरी ते "नाही" च येतं.

तिसरी जागा, वस्तूचं नाव. "तंबाखू" म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पुरुषाच्या तळहातावरचा चुना आणि चिमूट येते. मिश्री हा आपल्या मनात दंतमंजनाचा प्रकार आहे. झारखंडमधल्या बाईच्या मनात गुलही तसाच. तिला "मंजन कोणतं वापरता?" विचारलं तर ती डब्याचं नाव सांगेल. "तंबाखू वापरता का?" विचारलं तर मान हलवेल.

चौथी जागा, वय. कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांचा जो स्वतंत्र, सविस्तर फॉर्म असतो तो 15 ते 49 वर्षांच्या बायकांसाठी असतो, कारण त्याचा मुख्य भर बाळंतपणावर आहे. मिश्रीची सवय मात्र वयाबरोबर वाढत जाते. आपल्या गावातल्या सगळ्यांत जुन्या डब्या साठीच्या पुढच्या बायकांकडे आहेत. त्यांना त्या फॉर्ममध्ये जागाच नाही.

पाचवी जागा, पैसा. घरखर्च विचारला तर तंबाखूची पुडी नवऱ्याच्या नावावर लागते. त्यातलीच मूठभर चुलीवर जाते. मिश्रीचं ना पाकीट, ना त्यावर इशाऱ्याचं चित्र, ना बिल.

कायद्यालाही या पुडीनं असाच चकवा दिला. सरकारनं 1992 मध्ये टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री ना टूथपावडर म्हणून विकली जाते, ना गुटखा म्हणून. बंदी दुकानावर असते. चुलीवर कशी असेल?

मोजणाऱ्यांना या चुका कळल्या नाहीत असं नाही. 2009-10 मध्ये आणि पुन्हा 2016-17 मध्ये देशभर खास तंबाखूसाठी वेगळी पाहणी झाली, जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण. पहिली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केली, दुसरी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं. त्यात घरातल्या एका माणसाची निवड करून त्यालाच विचारलं जाई, बाईला बाईनं विचारावं असं ठरवलेलं होतं, वयाला वरची मर्यादा नव्हती, आणि मिश्री, गुल, गुडाखू ही नावं प्रश्नातच होती. 2016-17 मध्ये देशातल्या 14.2 टक्के बायका तंबाखू वापरत असल्याचं निघालं, आणि त्यांपैकी बहुतेक जणी बिनधुराची. पुरुषांचा आकडा 42.4 टक्के होता.

त्यानंतर 2019-21 मध्ये कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तिथं 15 वर्षांपुढच्या बायकांचा आकडा 8.9 टक्के आला, आणि पुरुषांचा 38. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. पुरुषांचा आकडा दोन्हीकडे तसा जवळपास आहे, साधारण दहातला एक भाग कमी. बायकांचा मात्र तिसऱ्या भागाहून जास्त कमी. मधल्या तीन-चार वर्षांत इतक्या बायकांनी डबी फेकून दिली, आणि पुरुषांनी मात्र फारशी नाही? काही जणींनी नक्कीच सोडली असेल. पण विचारण्याची पद्धत बदलली की बायकांचाच आकडा जास्त हलतो, हेही यातून दिसतं. तेवढ्यावरून सगळा फरक लपवण्याचाच आहे असं आम्ही म्हणणार नाही. सोडलेल्या किती आणि गप्प बसलेल्या किती, हे नुसत्या फॉर्मवरून वेगळं करता येत नाही.

ते वेगळं करण्याचा एक उपाय आहे. निकोटीन अंगात गेलं की त्याचं कोटिनिन नावाचं द्रव्य होतं. ते थुंकीत आणि लघवीत तीन-चार दिवस सापडतं. बाई "नाही" म्हणाली आणि थुंकीत कोटिनिन निघालं तर खरं काय ते कळतं. पण या मोठ्या पाहण्यांत ही तपासणी करत नाहीत, आणि तिचीही मर्यादा आहे. ज्या बाईनं आठवड्यापूर्वी शेवटची मिश्री लावली तिच्या थुंकीत काही मिळणार नाही. घरात सतत विडीचा धूर असला तर थोडं कोटिनिन न वापरणाऱ्या बाईतही येतं.

आणखी एक गोष्ट. जसजसं तंबाखू वाईट हे पोस्टरवर, शाळेत, दवाखान्यात सांगितलं जाऊ लागलं, तसतशी बाईची लाज वाढली. पूर्वी आजी डबी ओट्यावर ठेवून बसत. आज तिची नात डबी डाळीच्या डब्यामागे ठेवते. पूर्वी निष्पापपणे निसटणारी बाई आता जाणूनबुजून निसटते. म्हणून आकडा खाली येणं ही नेहमीच चांगली बातमी असते असं धरून चालत नाही.

हे लपणं सगळ्यांत महाग पडतं ते गरोदरपणात. डॉ. गुप्ता यांच्याच गटानं मुंबईत 1,217 गरोदर बायकांची नोंद ठेवली आणि त्यांची बाळंतपणं होईपर्यंत पाठपुरावा केला. तो अभ्यास 2004 मध्ये छापून आला. त्यातल्या साधारण 17 टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, सर्वांत जास्त मिश्री. वय, शिक्षण, आईचं वजन असे बाकीचे फरक वजा केल्यावरही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं आणि बाळंतपण सुमारे सहा दिवस आधी झालं. 105 ग्रॅम म्हणजे काय असं वाटेल. पण ज्या भागात मुळातच कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावर जन्मतात, तिथं तेवढ्यानं बाळ काठाच्या खाली जातं. आणि हीच ती वेळ असते जेव्हा बाईला मळमळतं, तोंडाला चव नसते, आणि कोणीतरी शेजारीण म्हणते, "थोडी मिश्री लाव, बरं वाटेल." दवाखान्याच्या कार्डावर तंबाखूसमोर "नाही" असतं. त्यामुळे बाळ लहान का झालं याचं उत्तर कोणी डबीत शोधत नाही. आई कमी जेवली, असा ठपका तेवढा तिच्यावर येतो.

आमच्या गटानं मागे यावर बसून विचार केला. पाहणीवाल्या कधी येतील आणि काय विचारतील ते आपल्या हातात नाही. पण आशाताई, अंगणवाडीताई आणि आपण गटातल्या बायका एकमेकींना विचारतोच. मग नीट कसं विचारायचं? आम्हाला सुचलेला क्रम असा आहे.

सुरुवात दातांपासून करायची, तंबाखूपासून नाही. "सकाळी दात कशानं घासता?" यात लाज नाही. बाई सांगते, "ब्रशनं," "राखेनं," "मिश्रीनं." मिश्री हा शब्द तिच्या तोंडून आला की आपण पुढे जायचं. "दिवसातून किती वेळा लावता?" दात घासायला एकदा-दोनदा पुरतं. पाच-सात वेळा असेल तर तिलाही बोलताना कळतं की ही दातांची गोष्ट राहिलेली नाही. मग विचारायचं, "घरातली मिश्री संपली आणि दोन दिवस मिळाली नाही तर काय होतं?" डोकं दुखतं, चिडचिड होते, परसाकडे होत नाही, कामात मन लागत नाही, अशी उत्तरं येतात. तलफेची खूण हीच. "तुला व्यसन आहे का?" असं विचारून ही उत्तरं कधी मिळाली नसती.

हे सगळं एकटीला विचारायचं. सासू, नवरा, मुलगा यांच्यासमोर नाही. आणि तिनं सांगितलेलं गटाच्या वहीत नावानिशी लिहायचं नाही. नाव लिहिलं की ती गोष्ट पुढच्या आठवड्यात विहिरीवर पोचते आणि मग त्या घरातून खरं उत्तर कधीच येत नाही.

विचारल्यावर एक गोष्ट पाहायची असते. तिला दिवसाच्या उजेडात तोंड उघडायला सांगायचं. ज्या बाजूला पूड ठेवते तिथं हिरडी दातापासून खाली सरकलेली असते. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा चट्टा असेल आणि तो फडक्यानं पुसूनही जात नसेल, किंवा लाल चट्टा असेल, किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर दंतवैद्याला दाखवायचं. असा प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. पण यातल्या काहींचा पुढे होतो, आणि लवकर सापडला तर उपाय सोपा असतो. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. असे चट्टे बहुधा दुखतच नाहीत.

सोडायचं असेल तर एक अडचण आधी सांगून ठेवतो. पहिले चार-पाच दिवस कठीण जातात, आणि बायका पुन्हा डबीकडे वळतात त्या बहुतेक पोट साफ होत नाही म्हणून नाही तर दात ठणकतो म्हणून. पोटासाठी सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी आणि जेवणात पालेभाजी हा उपाय लगेच सुरू करावा. दाताचा ठणका मिश्रीनं थोडा वेळ दबतो, कीड जात नाही. तो दात दाखवूनच घ्यावा लागतो. फोनवर बोलून मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक आहे, 1800-11-2356.

आजींकडे आम्ही परत गेलो होतो. त्यांना आम्ही तंबाखूबद्दल काही विचारलं नाही. दात कशानं घासता, एवढंच विचारलं. त्या हसल्या, कनवटीची डबी काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे आधी विचारलं असतं तर त्या पोरीलाही सांगितलं असतं की!"

मग सुनेकडे बघून हळूच म्हणाल्या, "तिलाही विचारा. पण मी आत गेल्यावर."